कवितेच्या ओळी सलग लिहून टाकल्या तर काय बिघडतं?

"निबंधात कविता देताना फार विचार करू नका. दोन ओळी असोत की वीस, अवतरणचिन्हांत सलग लिहा. ओळ कुठे तुटते याने फरक पडत नाही. आणि संदर्भाला पान क्रमांक पुरे."

या सल्ल्यातलं ओळ तुटण्याचंच आधी घेऊ. केशवसुतांच्या 'तुतारी'चं (१८९३) पहिलं कडवं पाहा:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने,
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने,
अशी तुतारी द्या मजलागुनि!

पहिली ओळ पाचवीशी जुळते आणि मधल्या तिन्ही ओळी 'ने'वर संपतात. म्हणजे दोन्ही टोकांना मागणी आणि मधे फुंकर व किंकाळी. हेच सलग लिहिलं तर यमक कानाला लागेलही, पण बांधणी दिसणार नाही. निबंध बांधणीवरच असेल तर तुमचा पुरावाच गेला.

'दोन असोत की वीस' हेही चुकीचं. एमएलए या साहित्यावरच्या निबंधांत चालणाऱ्या संदर्भपद्धतीत सीमा तीन ओळींची आहे. तिथपर्यंत ओळी वाक्यातच, अवतरणचिन्हांत येतात आणि जिथे ओळ तुटते तिथे दोन्ही बाजूंना जागा सोडून तिरपी रेघ येते: "एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणाने". मधे कडवं बदललं तर दोन रेघा. चौथी ओळ आली की नव्या ओळीवर, अर्धा इंच आत सरकवून, मुळाप्रमाणे ओळी मांडायच्या. मग अवतरणचिन्हं नकोत. शिकागो पद्धत मात्र दोन ओळींपासूनच उतारा वेगळा काढते, म्हणून तुमच्याकडे काय चालतं ते आधी विचारा.

खरा घोटाळा ओळी गाळताना होतो. वरच्या कडव्यातल्या मधल्या तीन ओळी गुपचूप काढल्या, तर 'आणुनि' आणि 'मजलागुनि' शेजारी येतात आणि वाचकाला ती केशवसुतांची द्विपदी वाटते! वेगळ्या काढलेल्या उताऱ्यात गाळलेल्या जागी ओळीच्या लांबीएवढी टिंबांची रांग द्या.

आणखी एक, आपल्याकडचंच. तिरप्या रेघेऐवजी उभी रेघ टाकू नका, ती दंडासारखी दिसते. "ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या ।" यातले दंड छापील पाठातलेच आहेत, तिरपी रेघ मात्र उद्धृत करणाऱ्याची असते.

पान क्रमांकाबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. कवितेला छापील ओळक्रमांक नसतील तर एमएलएलाही पान चालतं. ओळी स्वतः मोजत बसायची गरज नाही. पण क्रमांक छापलेले असतील तर तेच द्या, कारण आवृत्ती बदलली की पान बदलतं. ज्ञानेश्वरीचा संदर्भ म्हणूनच अध्याय आणि ओवीने देतात: १.१. तिथेही काही ओव्यांचे क्रमांक प्रतीप्रतींत एखाद्याने मागेपुढे होतात, तेव्हा कोणती प्रत वापरली ते एकदा सांगून टाका.