सुरातली नाराजी
"'तुझी मर्जी' म्हटलं तर त्यात एवढं लागण्यासारखं काय आहे?"

लागतं कारण शब्दांत परवानगी असते आणि सुरात नाराजी, मग माणसाने उत्तर द्यायचं कशाला, शब्दांना की सुराला? विचारलं तर 'मी कुठे काय बोलले' म्हणून विषय बंद. आमच्या रत्नागिरीकडे गणपतीत बघा, मुलगा फोनवर सांगतो यंदा दीड दिवसाने मुंबईला निघतो, आई म्हणते 'बघ बाबा, तुझी मर्जी', तो खरंच निघतो आणि मग आई फोनच घेत नाही. त्यापेक्षा सरळ म्हणावं, 'तू लगेच निघालास की घर खायला उठतं रे, गौरी जेवेपर्यंत थांबशील?' फक्त 'तुला आमची किंमत नाही असं वाटतं' हे नको, तो आरोप झाला. आणि रजा नाही म्हणाला तर 'वाईट वाटलं, दिवाळीत जास्त दिवस ये' एवढं बोलता येतं ना.