टूथपेस्ट दातांना लावा, लेन्सला नको

"फोटोग्राफर मित्रांनो, दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत! 1) लेन्सवर ओरखडा पडला की फोटोत त्याच जागी रेघ येते. पांढरी टूथपेस्ट लावून सुती कापडाने गोल-गोल घासा, लेन्स नव्यासारखी. 2) ऍपर्चर बारीक केलं की फोटोच्या कडा कापल्या जातात. 3) रात्री f/22 ठेवा, आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. 4) शटर स्पीड जितका जास्त तितका फोटो क्लिअर, कायम 1/4000 ठेवा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण माझ्या मावसभावाने नुकतीच लग्नाची कामं घ्यायला सुरुवात केली आहे, आणि त्याच्या 50 मिमी लेन्सवर एक बारीक ओरखडा आहे. परवा त्याचा फोन आला, "दादा, पेस्टच लागते का दंतमंजन पण चालतंय?" आता गप्प बसणं शक्य नाही.

समोरच्या नवरदेवाच्या कपाळावरचा गंधाचा एक ठिपका घ्या. त्या ठिपक्यावरून निघालेला उजेड लेन्सच्या सगळ्या काचेवर पसरून पडतो, मध्यावर, कडेला, वर, खाली. हा सगळा पसारा वळवून कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच्या एकाच बिंदूत परत आणायचा, एवढंच लेन्सचं काम. शेजारच्या भुवईचा उजेडही त्याच सगळ्या काचेतून जातो, फक्त तो शेजारच्या बिंदूत गोळा होतो. म्हणजे काचेचा प्रत्येक तुकडा अख्खा फोटो काढत असतो. काचेची अमुक जागा म्हणजे फोटोतली अमुक जागा, असं काही नातंच नसतं.

माझ्यावर विश्वास नसेल तर एनसीईआरटीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. प्रकाशाच्या धड्याखाली प्रश्न आहे: बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर वस्तूची पूर्ण प्रतिमा मिळेल का? उत्तर आहे, मिळेल, फक्त अंधुक. तिथेच करून बघायलाही सांगितलंय. दुपारी खोलीतले दिवे बंद करा आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरून पुढेमागे सरकवा. गजांसकट खिडकी भिंतीवर उलटी उमटेल. आता पोस्टकार्डाने भिंग अर्धं झाका. खिडकी अर्धी होत नाही, नुसती मंदावते. अर्धं भिंग झाकून जिथे काही कापलं जात नाही, तिथे केसाएवढ्या ओरखड्याची रेघ कुठून उमटणार?

हिशोबच करू. मावसभावाची 50 मिमी लेन्स f/1.8 ला पूर्ण उघडी असते तेव्हा ऍपर्चरचं भोक सुमारे 28 मिमी रुंद, म्हणजे क्षेत्रफळ 600 चौरस मिमीच्या आसपास. ओरखडा 5 मिमी लांब आणि 0.1 मिमी जाड धरला तर अर्धा चौरस मिमी. उजेडाचा हजारावा भागही अडला नाही. f/16 ला भोक तीन मिमीचंच उरतं आणि ओरखडा नेमका मधोमध असेल तर चारेक टक्के उजेड अडू शकतो. तरीही रेघ येत नाही, चित्र थोडं फिकट पडतं. समोरून सूर्य किंवा हॅलोजन असेल तर त्या ओरखड्यावरून उजेड विखरून धुरकटपणा येतो. खरा त्रास असेल तर तो एवढाच, आणि त्याला हूड लावणं किंवा जागा बदलणं पुरतं.

आता पेस्टचं बघा. लेन्सच्या काचेवर चकाकी कमी करण्यासाठी कोटिंग असतं. साधं एकपदरी कोटिंग मॅग्नेशियम फ्लोराइडचं, जाडी जेमतेम 100 नॅनोमीटर. टूथपेस्टमध्ये दात घासायला सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे कण घातलेले असतात, त्यातले बरेच काही हजार नॅनोमीटरचे. ओरखडा भरून निघत नाहीच, त्याच्या आजूबाजूचं चांगलं कोटिंग मात्र निघून येतं. फरशीवर पडलेला चरा घालवायला अख्खी फरशी पॉलिश पेपरने घासण्यातली ही गत. उघड्या काचेवरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो आणि तो लेन्समध्येच इकडेतिकडे आपटत राहतो. झालं काय ते ओळखायचं असेल तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत बघा. चांगल्या कोटिंगवर ते मंद जांभळट-हिरवट दिसतं. घासलेल्या जागी पांढरंफटक.

मग लोकांच्या फोटोत डाग येतात ते काय खोटे? नाहीत, एवढं मान्य करावं लागेल. पण तो डाग लेन्सवरचा नसून सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसलेल्या धुळीचा असतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर लेन्स बदलली की ती बसतेच. f/2 ला उजेड सेन्सरवर रुंद शंकूच्या आकारात येतो, त्यामुळे कणाची सावली पसरून विरते. f/22 ला तो शंकू इतका निमुळता होतो की सावली ठळक पडते. निरभ्र आकाशाचा f/22 ला एक फोटो काढा, लेन्स बदलून दुसरा काढा. डाग त्याच जागी असेल तर लेन्स निर्दोष. प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे फोटोत वर डावीकडे दिसणारा कण समोरून बघताना सेन्सरच्या खाली डावीकडे असतो. कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि हातपंपाच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे बसतात.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर वर आलंच आहे. प्रत्येक तुकडा अख्खा फोटो काढतो, तर भोवतालची काच पडद्याने झाकून कडा कशा कापल्या जातील? उलट पूर्ण उघड्या ऍपर्चरला काळवंडलेले कोपरे एक-दोन स्टॉप बंद केल्यावर उजळतात.

तिसरा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळेना. f खालचा आकडा हा भाजक आहे, 50 ला 22 ने भागलं की भोक सव्वादोन मिमीचं. f/2 च्या तुलनेत उजेड सुमारे 120 पट कमी.

चौथ्यात अर्धं खरं आहे. हात हलल्यामुळे किंवा नाचणाऱ्या पोरांमुळे येणारा धूसरपणा वेगवान शटरने जातो. पण फोकस चुकला असेल तर 1/4000 सुद्धा काही करू शकत नाही, आणि "कायम" तर मुळीच नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम 1/4000 ने काढून बघा, काळ्या आकाशात चार ठिपके मिळतील. तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर, ISO 100, f/8 ते f/11, आणि शटर दोन ते चार सेकंद उघडं हवं. गंमत अशी की ठिणगी पळत असते, एका जागी ती क्षणभरच थांबते. त्यामुळे तिच्या रेघेचा उजळपणा शटर किती वेळ उघडं आहे यावर ठरत नाही, तो ठरतो ऍपर्चरवर. रेघा जळून पांढऱ्या पडल्या तर f/11 चं f/16 करा. शटर फक्त रेघेची लांबी आणि एका फोटोत किती बाण मावतात ते ठरवतं. आकाश मात्र शटर उघडं ठेवाल तितकं उजळत जातं, आणि धूर साचला की तोही उजळतो, म्हणून चांगले फोटो सुरुवातीच्या काही बाणांतच उरकून घ्या.