‘शेवटचं अक्षर कापा’ हा नियम हिब्रूत कुठे फसतो

दावा: “हिब्रू शब्दाच्या शेवटी नी, खा, हू, नू दिसलं की ते सर्वनाम. तेवढं कापून मध्ये हायफन टाका. उरलं ते मूळ क्रियापद किंवा अव्यय. झाला ग्लॉस, म्हणजे शब्दाखाली लिहिलेला घटकवार अर्थ.”

‘लानू’ (आम्हाला) अशा शब्दांत हे चालतं: ला-नू. पण पुढे अर्थच बदलतो.

शेवटी ‘नू’ आहे म्हणून ‘आम्ही’ नव्हे. स्तोत्र ८:५ मध्ये (मराठी बायबलात ८:४) ‘तिझ्केरेन्नू’ येतं. नू कापलं तर ‘तू आमची आठवण ठेवतोस’ असा अर्थ निघतो, आणि तो चूक आहे. इथे क्रियापद आणि ‘हू’ (त्याला) यांच्यामध्ये एक जास्तीचा नून, म्हणजे न हे अक्षर, आहे; व्याकरणात त्याला एनर्जिक नून म्हणतात. ‘हू’मधला ह त्या नूनमध्ये विरतो आणि नून दुहेरी होतो. म्हणून वर प्रत्यक्ष रूप लिहावं आणि खाली मूळ घटक सोडवावेत:

```
तिझ्केरेन्नू
ति-झ्केर-एन-हू
तू.पुं-आठव-एनर्जिक-त्याला
```

ओळखायचं कसं? नूनमध्ये दागेश, म्हणजे अक्षर दुहेरी दाखवणारा ठिपका, आणि आधी सेगोल हे स्वरचिन्ह असेल तर ‘त्याला’. दागेश नाही आणि आधी त्सेरे हे दुसरं स्वरचिन्ह असेल (तिझ्केरेनू) तर ‘आम्हाला’. स्वरचिन्हांविना दोन्ही सारखीच दिसतात. मग संदर्भ बघावा लागतो: इथे आधीचं ‘एनोश’ (मनुष्य) एकवचनी आहे.

कधी स्वरचिन्हंही मदत करत नाहीत. ‘मिन’ (पासून, पैकी) या अव्ययाचं ‘मिम्मेन्नू’ होतं. उत्पत्ती २:१७ मध्ये ते ‘त्याच्यापासून’, म्हणजे झाडाचं फळ खाऊ नको. ३:२२ मध्ये तेच ‘आमच्यापैकी’. अक्षरं, स्वर, दागेश सगळं एकच. इथे हायफनचा हट्ट सोडून ग्लॉस लिहिण्याच्या लाइपझिग पद्धतीप्रमाणे टिंब द्यावं: एकीकडे ‘पासून.तो’, दुसरीकडे ‘पैकी.आम्ही’. शोधयादीत दोन्ही रूपं एकाच खुणेखाली टाकली, तर पुढची मोजणी बिघडते.

उरतं ते कोशातलं रूप नसतं. मराठीत ‘रस्ता’ला प्रत्यय लागताना ‘रस्त्या-’ होतं, तसंच हिब्रू क्रियापदही बदलतं. उत्पत्ती ३७:३३ मध्ये रक्ताळलेला अंगरखा पाहून याकोब म्हणतो: ‘हाय्या राआ अखालात्हू’, हिंस्र पशूने त्याला खाल्लं. हू कापलं की ‘अखालात’ उरतं आणि नवशिका ते ‘अखाल्ता’, म्हणजे ‘तू खाल्लंस’, असं वाचतो. खरं तर ‘तिने खाल्लं’ या अर्थाच्या ‘आखला’मधला जुना त सर्वनामापुढे परत येतो. हाय्या हे स्त्रीलिंगी नाम आहे, म्हणून क्रियापदही स्त्रीलिंगी:

```
अखालात्हू
अखाल-आत-हू
खा-ती-त्याला
```

कर्ता आधी शोधून मगच तोडलं, तर ही चूक होत नाही.

‘एलाव’च्या लेखनात येणारा योद, म्हणजे य हे अक्षर, अनेकवचनाचा नाही. एल (-कडे) आणि अल (-वर) या अव्ययांना अनेकवचनी नामांसारखी रूपं लागतात: एलाव, आलाव. तो योद अव्ययाच्या जुन्या रूपाचाच भाग आहे. ‘-कडे.अनेक-तो’ असा ग्लॉस दिला तर नसलेलं अनेकवचन निर्माण होतं. फक्त ‘-कडे-तो’ लिहावं.