‘इमा’ म्हणजे कोणाला? जुन्या स्लाव्होनिकची एक ओळ

“जुनी स्लाव्होनिक म्हणजे जुनी रशियनच. रशियन येत असेल तर शब्दकोश घेऊन शुभवर्तमान सरळ वाचता येतं, विभक्तीचे तक्ते घोकायची गरज नाही. क्रियापदाचं म्हणाल तर पूर्ण आणि अपूर्ण या जोड्या ओळखल्या की काळ आपोआप कळतो.”

जुन्या स्लाव्होनिकबद्दल, म्हणजे नवव्या शतकात स्लाव्ह लोकांसाठी बायबलचं भाषांतर झालं त्या भाषेबद्दल, असं ऐकू येतं. ते किती खरं हे बघायला लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली, उधळ्या पुत्राच्या गोष्टीची सुरुवात घेऊ. नवशिक्याला ही ओळ बहुतेक पहिल्या महिन्यातच भेटते. देवनागरीत ती साधारण अशी दिसेल:

च्लोव्हेकु येतेरु इमे दुवा सीना. इ रेचे मिनिइ सीनु येयु ओतित्सु: ओतिचे, दाझ्दि मि दोस्तोइनोंयों चेंस्ति इमेनिया. इ राझ्देली इमा इमेनिये.

(शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व उ-इ अगदी ओझरते उच्चारायचे.) अर्थ असा: एका माणसाला दोन मुलगे होते. त्यांतला धाकटा बापाला म्हणाला, बाबा, माझ्या वाट्याचा मालमत्तेचा हिस्सा मला देऊन टाका. आणि त्याने दोघांना मालमत्ता वाटून दिली.

आधी ‘जुनी रशियन’. हे भाषांतर सुरू करणारे सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीचे. 863च्या सुमारास ते आजच्या चेकियाकडच्या मोराव्हियाला गेले, आणि भाषांतरासाठी त्यांनी वापरली ती आपल्या गावाच्या आसपासची दक्षिण स्लाव्ह बोली. नोव्हगोरोदच्या शासकासाठी 1056-57 मध्ये लिहिलेली ओस्त्रोमिर ही शुभवर्तमानाची पोथी रशियाकडची आहे हे खरं, पण तिच्यातला मजकूर दक्षिणेकडून आलेल्या भाषांतराची नक्कल आहे. रशियन ही या भाषेची लेक नव्हे, फार तर पुतणी. घरातले बरेच शब्द पुतणीकडे आहेत, हे मी नाकारत नाही. ‘सीनु’ म्हणजे मुलगा, हे रशियन येणाऱ्याला विचारावं लागत नाही. आपल्यालाही लागू नये, संस्कृतातला ‘सूनु’ तोच.

अडचण शब्दांची नाहीच, शेपटांची आहे. ‘दुवा सीना’ बघा. रशियनमध्ये आजही ‘द्वा सीना’ म्हणतात, पण तिथलं व्याकरण ‘सीना’ला षष्ठीचं एकवचन मानतं. मूळ ओळीत ते द्विवचन आहे. रशियनमध्ये द्विवचन गेलं, त्याचा हा अवशेष उरला आणि त्याला नवं नाव मिळालं. इथे चुकलं तरी अर्थ बिघडत नाही. पुढच्या ‘येयु’ला मात्र बिघडतो. रशियनमध्ये ‘येयु’ म्हणजे ‘तिने, तिच्याकडून’. रशियनच्या भरवशावर वाचणारा या वाक्यात एक बाई शोधत बसतो. गोष्टीत बाई नाही. ‘येयु’ म्हणजे ‘त्या दोघांचा, दोघांपैकी’.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी इथे जरा थांबावं. संस्कृतात ‘तयोः’ हे एकच रूप षष्ठी आणि सप्तमीला चालतं. ‘ताभ्याम्’ तृतीया, चतुर्थी, पंचमीला. स्लाव्होनिकमध्ये ‘येयु’ षष्ठी-सप्तमीचं आणि ‘इमा’ चतुर्थी-तृतीयेचं. खण पाडायची पद्धत जवळपास तीच. म्हणजे तक्ता कोरा घोकायचाही नाही, अर्धा आधीच पाठ आहे. आणि गंमत म्हणजे ज्या ग्रीकवरून हे भाषांतर झालं त्या ग्रीक मजकुरात द्विवचन नाहीच, साधं ‘त्यांचा’ असं अनेकवचन आहे. भाषांतरकाराने ते आपल्या बोलीतून घातलं, कारण दोन माणसांबद्दल अनेकवचन त्याच्या कानाला चुकीचंच वाटलं असतं.

मराठी माणसाला एक वेगळा खड्डा आहे: ‘दाझ्दि मि’मधला ‘मि’ म्हणजे मी नव्हे, ‘मला’. संस्कृतातला ‘मे’ आठवा.

आता क्रियापद. या ओळीत भूतकाळ तीनदा आलाय: इमे, रेचे, राझ्देली. आजच्या रशियनचा भूतकाळ ‘ल’वर उभा असतो, या ओळीत तसला ‘ल’ एकदाही नाही. (राझ्देलीतला ‘ल’ धातूचा.) तिन्ही रूपं ‘आओरिस्ट’ची आहेत, म्हणजे ‘घडलं’ एवढंच सांगणाऱ्या भूतकाळाची. त्याच्याशेजारी दुसरा भूतकाळ आहे, ‘चाललं होतं’ सांगणारा. तो याच गोष्टीत पुढे भेटतो: मुलगा डुकरं राखत उपाशी असतो आणि त्याला कोणी काही देत नसतं, तिथे ‘दायाशे’ येतं. शेवटचा ‘-शे’ ही त्याची खूण.

आणि जोड्यांनी काळ कळतो म्हणणाऱ्यांनी ‘इमे’चं काय करायचं? ‘असणे, बाळगणे’ हे अपूर्ण क्रियापद, तरी इथे ते आओरिस्टात आहे. ग्रीकमध्ये त्याच जागी ‘चाललं होतं’वाला भूतकाळ आहे, म्हणजे भाषांतरकाराने डोळे मिटून नक्कलही केलेली नाही. पूर्ण-अपूर्ण हा एक प्रश्न, काळ हा दुसरा. मराठीत ‘दे’ आणि ‘देऊन टाक’ यांत फरक आहे, पण दोन्हींत काळ सांगितलेला नाही. ‘देऊन टाकलं’, ‘देऊन टाकेन’, दोन्ही होतं. ‘दाझ्दि’ हे ‘देऊन टाक’च्या बाजूचं, ‘दायाशे’ ज्या क्रियापदाचं ते ‘देत राहा’च्या बाजूचं. जोडी म्हणजे एवढंच. शिवाय प्रत्येक क्रियापदाला नीट जोडीदार सापडतोच असंही नाही.

शेवटचा ‘राझ्देली’ सर्वांत फसवा. आओरिस्टात त्याचा अर्थ ‘त्याने वाटून दिलं’. आज्ञार्थातही रूप अक्षरशः हेच: ‘वाटून दे!’ रशियनमध्ये तर फक्त आज्ञार्थच उरलाय. आधीचं वाक्य ‘मला देऊन टाक’ असं, पोथीत अवतरणचिन्हं नाहीत, विराम म्हणून नुसते ठिपके. त्यामुळे ‘…देऊन टाक आणि वाटून दे’ असं वाचायचा मोह होतो. मीही तसंच वाचलं होतं, आणि वर्गात मोठ्याने.

सोडवतो तो ‘इमा’. मुलगा बोलत असता तर ‘आम्हा दोघांना’ म्हणाला असता, आणि त्याचं रूप ‘नामा’ होतं. इथे ‘इमा’ आहे, ‘त्या दोघांना’. म्हणजे मुलाचं बोलणं संपलं, निवेदक बोलतोय, क्रियापद आओरिस्ट. मग गोष्टीतली एरवी निसटणारी बाबही दिसते: मागितलं एकट्या धाकट्याने, वाटा मिळाला दोघांना. थोरला पुढे रुसतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

जाता जाता: पोथ्यांत ‘सीनु’सारखे नेहमीचे शब्द बऱ्याचदा मधली अक्षरं गाळून, वर एक रेघ ओढून लिहिलेले असतात. चामडं महाग, जागा थोडी, तरी लेखनिक शेवटचं अक्षर सहसा गाळत नाही.