पंपाच्या फारसी डेटाशीटच्या भाषांतराबाबत आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "इराणी पंपाच्या डेटाशीटचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. मुळात १२/५ होते, यांनी १२.५ केले. अश्वशक्तीच्या शेजारी स्वतःहून किलोवॅट घातले, दाबाचे एकक मात्र तसेच ठेवले. वर प्रश्न विचारून एक दिवस घालवला. आम्हाला भाषांतर हवे होते, इंजिनिअरिंग नको. दोन तारे."

महोदय, आपण सविस्तर लिहिलेत म्हणून उत्तरही सविस्तर देत आहोत, कारण फारसी डेटाशीट हाताळणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

इराणमध्ये दशांशचिन्ह म्हणून तिरकी रेघ सर्रास वापरली जाते. हाताने लिहिताना आणि टंकलिखित कागदपत्रांतही १२/५ म्हणजे बारा पूर्णांक पाच दशांश. इंग्रजी वाचणारा तिथे अपूर्णांक वाचतो, म्हणून रेघ तशीच ठेवली तर अक्षर शाबूत राहते आणि आकडा बदलतो. तरीही केवळ रिवाजावर विसंबून आम्ही बदल केला नाही. त्याच कागदावर पाणी चढवण्याची उंची ३२ मीटर आणि मोटर ३ अश्वशक्तीची दिली होती. ताशी १२.५ घनमीटर पाणी ३२ मीटर चढवायला सुमारे १.०९ किलोवॅट लागतात, आणि एवढ्या लहान पंपाची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के धरली तर दांड्यावर १.८ ते २ किलोवॅट द्यावे लागतात. त्याला ती मोटर नेमकी बसते. १२ भागिले ५, म्हणजे ताशी २.४ घनमीटर धरले, तर पाण्याला जेमतेम ०.२ किलोवॅट लागतात, आणि त्यासाठी एवढी मोटर कोणी लावत नाही.

पण त्याच कागदावर सगळ्या तिरक्या रेघा एका अर्थाच्या नव्हत्या. बाहेर पडणाऱ्या तोंडाचा आकार १/२५ इंच लिहिला होता, तो आम्ही १.२५ केला, खालच्या निचऱ्याच्या प्लगचा १/२ इंच मात्र १/२ च ठेवला. पाइपांच्या प्रमाणित आकारांत सव्वा इंच आहे, अर्धा इंचही आहे. एक पंचविसांश इंच आणि १.२ इंच हे दोन्ही नाहीत. तरी सव्वा इंचाबद्दल आपल्याला विचारले, कारण फ्लँज चुकीचा मागवला गेला असता तर तो जागेवर बसलाच नसता. आपण पाठवलेल्या ड्रॉइंगवर डीएन ३२ असे होते, आणि डीएन ३२ म्हणजे सव्वा इंचच.

दुसरा प्रश्न आयपीएस या संक्षेपाचा होता. इंग्रजी पायपिंगमध्ये आयपीएस म्हणजे लोखंडी पाइपाच्या आकारांची जुनी पद्धत, पण इराणच्या तेल मंत्रालयाची अभियांत्रिकी मानकेही याच तीन अक्षरांनी ओळखली जातात. आकाराशेजारी आले तर पहिला अर्थ, पुढे डॅश देऊन अक्षरे आणि क्रमांक आले तर दुसरा. आपल्या प्रतीत तो क्रमांक छपाईत अर्धवट उमटला होता, आणि अंदाजाने मानकाचे नाव लिहिणे आम्हाला मान्य नाही.

पहिल्या ओळीतील 'देबी' हा फ्रेंचमधून फारसीत आलेला शब्द आहे, प्रवाहाचे प्रमाण. फारसी लिपीत दुबई शहराचे नावही अक्षरशः असेच लिहितात. शेजारी घनमीटर प्रति तास होते, म्हणून शंका उरली नाही.

आता किलोवॅटबद्दल. इराणमधील 'अस्ब-ए-बोखार' ही बहुधा मेट्रिक अश्वशक्ती असते, म्हणजे ७३५.५ वॅट. इंग्रजी वाचणारा अभियंता ७४५.७ वॅट धरण्याची शक्यता असते. आपल्या ३ अश्वशक्तीत फरक ३१ वॅटचाच आहे, पण कोणती अश्वशक्ती हा प्रश्न कागदावर शिल्लक राहू नये म्हणून मूळ आकड्याशेजारी २.२ किलोवॅट लिहिले. मोटरीच्या प्रमाणित क्षमतांत हाच आकडा आहे.

दाबाच्या बाबतीत अशी संदिग्धता नव्हती. कमाल दाब चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम होता, म्हणजे ९.८१ बार. बारमध्ये बदलताना कोणी सोयीसाठी १० बार लिहिले असते, तर पंपाची मर्यादा कागदावर जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढली असती. ही मर्यादा उत्पादकाने ठरवलेली आहे. म्हणून ती त्याच्याच एककात ठेवणे आम्ही योग्य मानतो.

आपल्या ग्राहकाला किलोवॅटची जोड नको असेल तर ती काढून त्याऐवजी 'मेट्रिक अश्वशक्ती' असे लिहिलेली प्रत आम्ही विनाशुल्क देऊ. दशांशचिन्हे मात्र आहेत तशीच राहतील.