मुलाखतीतले रडार चार्ट बंद करा राव!

हल्ली वाळूजला असो की शेंद्र्याला, मुलाखतीच्या पॅनलवर बसलं की एचआरवाले लॅपटॉप उघडतात आणि स्क्रीनवर रडार चार्ट येतो. मधून बाहेर निघणारा प्रत्येक अक्ष म्हणजे एक कौशल्य, आणि अक्षांवरचे गुण जोडून प्रत्येक उमेदवाराचं कोळ्यासारखं एक जाळं, वेगळ्या रंगाने भरलेलं. मग पॅनलवरचे मोठे साहेब क्षणभर बघतात आणि म्हणतात, "हा भरीव दिसतोय, घेऊन टाका."

भरीव म्हणजे काय हो साहेब?

डोळ्यात भरतं ते जाळ्याचं क्षेत्रफळ. आणि ते नुसत्या गुणांवर ठरत नाही, कौशल्यं कोणत्या क्रमाने मांडली यावरही ठरतं. तो क्रम कुणी ठरवला? एक्सेलमध्ये टाइप करणाऱ्याने, जसं सुचलं तसं.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी बनवलेत, पण असे उमेदवार आपल्याकडे रोज येतात. जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची. तीन कौशल्यं शॉपफ्लोअरची: ड्रॉइंग वाचणं, व्हर्नियर-मायक्रोमीटरने मोजणं, जॉबमधला दोष ओळखणं. तीन टेबलावरची: रिपोर्ट लिहिणं, कस्टमरशी बोलणं, एक्सेल. बीडच्या डिप्लोमावाल्या मुलाला दहापैकी पहिल्या तिन्हीत 9, 9, 8 आणि पुढच्या तिन्हीत 3, 3, 4. जालन्याच्या मुलीला सगळीकडे 6. बेरीज दोघांचीही 36.

जाळ्याचं क्षेत्रफळ काढणं अवघड नाही. शेजारशेजारच्या दोन गुणांचा गुणाकार करायचा, शेवटच्याचा पहिल्याशी, आणि सगळे मिळवायचे. पुढे एका ठरावीक आकड्याने गुणावं लागतं, पण सहा अक्षांसाठी तो सगळ्यांना सारखाच, म्हणून सोडून देऊ. मुलीचे सहा वेळा 36, म्हणजे 216. मुलाचे 81, 72, 24, 9, 12 आणि 36, म्हणजे 234. मुलाचं जाळं मोठं.

आता गुणांना हात न लावता फक्त ओळी वरखाली करा. ड्रॉइंगनंतर रिपोर्ट, मोजमापानंतर कस्टमर, दोष ओळखण्यानंतर एक्सेल. मुलाचे गुण आता 9, 3, 9, 3, 8, 4 असे फिरतात आणि बेरीज येते 27, 27, 27, 24, 32, 36 यांची, म्हणजे 173. मुलीचे 216 जिथल्या तिथे. मघाशी भरीव दिसणारा मुलगा आता काटकुळ्या चांदणीसारखा दिसतो, आणि साहेब मुलीला घ्या म्हणतील. दोघांपैकी कुणाचा एक मार्कसुद्धा बदललेला नाही! तुमच्या फाइलवर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गडबड म्हणजे फुगवटा. एकाला सगळीकडे 4 आणि दुसऱ्याला सगळीकडे 8 असतील तर गुण दुप्पट, पण जाळं चौपट. थोडा पुढे असलेला उमेदवार चित्रात फारच पुढे वाटतो.

आणि ज्यासाठी आपण बसलोय तो प्रश्न तसाच राहतो: या माणसाला ड्रॉइंग वाचता येतं का? त्यासाठी तिरप्या अक्षावर, एकमेकांवर चढलेल्या रंगांतून टोकं शोधत बसायचं. तीन उमेदवार झाले की खालचं जाळं वरच्याखाली झाकलं जातं. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्येच मांडलं होतं की एकाच पट्टीवरचे बिंदू माणूस अचूक वाचतो, क्षेत्रफळाच्या अंदाजात मात्र जास्त चुकतो. तरी आपण क्षेत्रफळच दाखवत बसलोय.

साधं टेबल करा. कौशल्याला एक ओळ, उमेदवाराला एक कॉलम. ओळींचा क्रम कामाच्या गरजेने लावा; क्वालिटीच्या जागेला ड्रॉइंग सगळ्यात वर. एक्सेलमध्ये `Conditional Formatting` मधून `Data Bars` घ्या आणि नियमात किमान 0, कमाल 10 असे आकडे स्वतः टाका, म्हणजे सगळ्या कॉलमच्या पट्ट्या एकाच मापाच्या राहतील. इथे ओळी वरखाली केल्या तरी कुणाची पट्टी लांब-आखूड होत नाही. मुलाच्या वरच्या तीन पट्ट्या लांब, खालच्या आखूड, हे लगेच दिसतं. मग पॅनलवर कामाचा वाद होतो: रिपोर्ट लिहायला शिकवता येईल का, की कस्टमर ऑडिट तोंडावर आहे म्हणून आत्ताच येणारा माणूस हवा?

गोल चार्टशी माझं वैर नाही. वाऱ्याची दिशा दाखवायची असेल तर तो चपखल बसतो, कारण उत्तरेशेजारी ईशान्य असते हे कुणाला ठरवावं लागत नाही. ड्रॉइंगशेजारी एक्सेल कुणी बसवलं?

यावर एचआरच्या एका मॅडमनी मला ऐकवलं, "सर, टेबल प्रेझेंटेशनला फार बोअर दिसतं." दिसू द्या मॅडम. प्रेझेंटेशन पंधरा मिनिटांत संपतं, घेतलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून लाइनवर उभा असतो.