बडतर्फी आणि शिक्षेचे प्रमाण : एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

"चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं की शिक्षा काय द्यायची हे मालकच ठरवणार. कोर्ट फक्त चौकशी नियमाने झाली का एवढंच बघतं. शिवी दिली म्हणजे दिली, त्यात कमी-जास्त काय? आणि समजा कोर्टानं बडतर्फी रद्द केलीच, तर माणूस निर्दोष ठरतो आणि सगळा मागचा पगार वसूल होतो."

पहिला मुद्दा एके काळी बराचसा खरा होता. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात औद्योगिक न्यायाधिकरणाच्या हस्तक्षेपाला मोजकीच कारणे ठेवली होती : मालकाचा हेतू प्रामाणिक नसणे, सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा मूलभूत चूक, आणि पुराव्याशी पूर्णपणे विसंगत निष्कर्ष. ही स्थिती बदलण्यासाठीच औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ घालण्यात आले आणि ते 15 डिसेंबर 1971 पासून अमलात आले. त्यामुळे चौकशी निर्दोष असली आणि गैरवर्तन सिद्ध झालेले असले, तरी बडतर्फी न्याय्य नव्हती असे कामगार न्यायालयाला वाटल्यास ते तिच्या जागी सौम्य शिक्षा देऊ शकते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही हा अधिकार ठेवलेला आहे. मात्र तो 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांच्या वादापुरता आहे. शासकीय कर्मचारी उच्च न्यायालयात जातो तेव्हा कसोटी बरीच कडक असते : शिक्षा न्यायालयाच्या सद्सद्विवेकाला धक्का देणारी असली पाहिजे, आणि तशी ती ठरली तरी न्यायालय सहसा स्वतः नवी शिक्षा न ठरवता प्रकरण फेरविचारासाठी शिस्तभंग प्राधिकाऱ्याकडे परत पाठवते.

शिवीगाळीबद्दलचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो वाचून कामगार दाद मागायचेच सोडून देतो. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. 1982 च्या प्रकरणात एका कामगाराने वरिष्ठाला उद्देशून अनुचित आणि धमकीवजा भाषा वापरल्याचे सिद्ध झाले होते. घटना एकच होती, आणि त्याआधीच्या 14 वर्षांच्या नोकरीत त्याच्याविरुद्ध ठपका ठेवण्यासारखे काही दाखवता आले नव्हते. न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि तिच्याऐवजी दोन वेतनवाढी पुढील काळावरही परिणाम होईल अशा रीतीने रोखल्या. याउलट 2005 च्या महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात वरिष्ठाला इतरांच्या देखत, तेही एकदा नव्हे तर दोनदा, घाणेरड्या शब्दांत शिवीगाळ झाली होती. खालच्या न्यायालयांनी कामगाराला परत घेण्याचा आदेश दिला होता. पण शिक्षा सौम्य करावी असे कोणतेही कारण दिसत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. आरोपपत्रातील शीर्षक दोन्हीकडे जवळपास सारखेच असेल. निकाल फिरला तो उच्चारलेल्या शब्दांवर, कोणासमोर आणि किती वेळा घडले यावर, आणि शिक्षा सौम्य करण्याजोगे काही नोंदीवर होते की नाही यावर.

हे माप न्यायालयाच्या लहरीवर सोडलेले नाही. कामगारांच्या सेवाशर्ती ठरवणाऱ्या आदर्श स्थायी आदेशांनुसार शिक्षा देतानाच गैरवर्तनाचे गांभीर्य, कामगाराचा पूर्वेतिहास आणि शिक्षा सौम्य किंवा कडक करणारी परिस्थिती विचारात घेणे व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. म्हणून बडतर्फीचा आदेश हाती आला की प्रथम हे पाहावे की 'आरोप सिद्ध झाला, सबब सेवेतून काढण्यात येत आहे' एवढेच त्यात लिहिले आहे, की वेतनवाढ रोखणे किंवा काही दिवसांचे निलंबन का पुरेसे नव्हते याचाही विचार दिसतो. जुने मेमो आधार म्हणून वापरायचे असतील, तर ते कारणे दाखवा नोटिशीत आधी मांडून कामगाराला उत्तराची संधी द्यावी लागते. त्याच घटनेत सारखाच सहभाग असलेल्या दुसऱ्याला ताकीद देऊन सोडले असेल, तर तो आदेश अवश्य सादर करावा.

अप्रामाणिकपणा सिद्ध झाला असेल, तर मात्र खोटी आशा कोणी देऊ नये. भाडे घेऊन तिकीट न देणाऱ्या वाहकांच्या प्रकरणांत रक्कम किती क्षुल्लक होती हा बचाव न्यायालयांनी सातत्याने फेटाळला आहे, कारण तिथे मोजला जातो तो विश्वासाचा भंग.

राहिला निर्दोषत्वाचा आणि पगाराचा प्रश्न. शिक्षा प्रमाणाबाहेर ठरली तरी गैरवर्तनाचा निष्कर्ष जागेवर राहतो आणि कमी झालेली शिक्षा सेवापुस्तकात नोंदली जाते. बेकायदा बडतर्फी रद्द झाल्यावर मागील वेतन मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले. पण केवळ शिक्षा जड म्हणून हस्तक्षेप झाला असेल तर पूर्ण मागील वेतन न देण्याची मुभा न्यायालयाला आहे, हेही त्याच निकालात नमूद आहे. प्रत्यक्षात सेवेत सातत्य देऊन मागील वेतन अंशतः किंवा पूर्णतः नाकारले जाते, आणि ती नाकारलेली रक्कम हाच शिक्षेचा एक भाग मानला जातो.